सत्राच्या मध्यावर दिलेला राजीनामा

नोकरी सोडायची ठरली की हल्ली मोबाइलवरूनच दोन ओळींचा ईमेल जातो. बँकेत किंवा कंपनीत तेवढ्याने भागते. महाराष्ट्रातल्या खासगी माध्यमिक शाळेत मात्र तेवढ्याने भागत नाही. तो ईमेल मुख्याध्यापकांना मिळाला, त्यांनी ‘ठीक आहे’ असे उत्तरही दिले, तरी कायद्याच्या नजरेत राजीनामा झालेलाच नसतो, हे अनेक शिक्षकांना ठाऊक नसते.

राज्यात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. कायद्याचे कलम ७ सांगते, की राजीनाम्याच्या दोन प्रती काढाव्यात, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःकडे ठेवावी. व्यवस्थापन म्हणजे संस्था, मुख्याध्यापक नव्हे. ही तरतूद शिक्षकाच्या संरक्षणासाठी आहे. दमदाटी करून कोऱ्या कागदावर सही घ्यायची आणि पुढे तोच कागद राजीनामा म्हणून दाखवायचा, या प्रकाराला तिने आडकाठी घातली. स्वतःच्या मर्जीने जाणाऱ्यानेही हाच रस्ता धरावा. नोंदणीकृत टपाल ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. त्यामुळे आता टपाल कचेरीत स्पीड पोस्ट करताना नोंदणीची सोय आवर्जून मागून घ्यावी.

मग ईमेलचा उपयोग काय? मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळते आणि त्यांना तयारीला वेळ मिळतो. वर्ग, वेळापत्रक, पर्यवेक्षण हे सगळे त्यांनाच निभवायचे असते. म्हणून ईमेल जरूर पाठवावा, पण त्यात ‘राजीनाम्याची मूळ प्रत संस्थेकडे आजच टपालाने पाठवली आहे’ हे वाक्य असावे.

आता तारखेचे बघू, कारण घोळ नेमका तिथे होतो. नियम ४० प्रमाणे कायम शिक्षकाने तीन कॅलेंडर महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एका महिन्याची नोटीस द्यायची. संस्थेने आधी सोडायचे मान्य केले, तर तेवढ्या काळाचे मूळ वेतन भरून जाता येते, भत्ते त्यात धरत नाहीत. हे सहसा माहीत असते. त्याच नियमातला पुढचा भाग मात्र वाचलेला नसतो. सुट्टीचा हक्क असलेल्या शिक्षकाला मोठ्या सुट्टीत नोटीस देता येत नाही, नोटिशीच्या काळात सुट्टीचा कोणताही भाग येता कामा नये आणि पहिले सत्र सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात नोटीस देता येत नाही.

हे कॅलेंडरवर मांडले की वाट किती अरुंद आहे ते दिसते. शाळा जूनच्या मध्यावर सुरू झाली, तर जुलैच्या मध्यापर्यंत दार बंद. तिथून तीन महिने मोजले की ऑक्टोबरचा मध्य येतो आणि दिवाळी लवकर असेल तर सुट्टी उंबरठ्यावर असते. म्हणजे पहिल्या सत्रात हातात मोजकेच दिवस राहतात, ऑगस्टमध्ये दिलेली कायम शिक्षकाची नोटीस तर बहुधा दिवाळीत अडकते. दिवाळीनंतर शाळा उघडली की खरा मोकळा काळ मिळतो, तो साधारण जानेवारीअखेरपर्यंत. त्यानंतर दिलेली नोटीस मे महिन्याच्या सुट्टीत शिरते.

समजा, एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई कायम आहेत, नववी ‘ब’च्या वर्गशिक्षिका आहेत आणि दहावीचे विज्ञानही त्यांच्याकडे आहे. त्यांनी २४ नोव्हेंबरला नोटीस दिली. तीन महिने २४ फेब्रुवारीला पूर्ण होतात. दहावीची प्रात्यक्षिके तोवर आटोपलेली असतात, पण लेखी परीक्षा तोंडावर आलेली किंवा सुरू झालेली असते आणि नववीची वार्षिक परीक्षा अजून लांब असते. त्यांचा ईमेल असा असावा:

> मा. मुख्याध्यापक,
> सादर नमस्कार.
> कौटुंबिक कारणामुळे मी सेवेचा राजीनामा देत आहे. मूळ प्रत आज टपालाने संस्थेच्या सचिवांकडे पाठवली आहे. नियमाप्रमाणे तीन महिन्यांची नोटीस असून माझा शेवटचा दिवस २४ फेब्रुवारी असेल.
> दहावीची विज्ञानाची प्रात्यक्षिके आणि त्यांचे गुण मी पूर्ण करून देईन. २४ फेब्रुवारीनंतरच्या पर्यवेक्षणासाठी व उत्तरपत्रिका तपासणीसाठी कृपया माझे नाव धरू नये. नववीच्या वार्षिक परीक्षेची विज्ञानाची प्रश्नपत्रिका मी १० फेब्रुवारीपर्यंत परीक्षाप्रमुखांकडे सीलबंद देईन.
> नवीन शिक्षक ठरल्यावर दोन आठवडे त्यांच्यासोबत वर्गावर जाण्याची माझी तयारी आहे.
> आपली विश्वासू

कारण एका ओळीत पुरते. पगाराची तक्रार, सहकाऱ्यांची कागाळी, इतक्या वर्षांचा हिशेब, यातले काहीही या पत्रात नको. तक्रार खरी असेल तर तिला स्वतंत्र अर्ज हवा. राजीनाम्यात ती घातली की राजीनामा मर्जीने दिला की नाराजीने, असा वाद उभा राहतो.

पत्रातला परीक्षेचा परिच्छेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मुलांचे गुण गुंतलेले आहेत. दहावीच्या विज्ञानात ८० गुण लेखी आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. या वीस गुणांमागे वर्षभराची प्रयोगवही असते. प्रत्येक प्रयोगाखाली शिक्षकाची सही आणि तारीख लागते. बाईंनी ऑक्टोबरात करून घेतलेल्या प्रयोगाखाली सही राहिली आणि त्या निघून गेल्या, तर नव्या शिक्षकापुढे दोनच वाटा उरतात. आपण न पाहिलेल्या प्रयोगावर सही करायची, किंवा चाळीस मुलांकडून तो पुन्हा करून घ्यायचा. पहिली वाट खोटेपणाची, दुसरीला वेळ नाही. म्हणून नोटीस दिली त्याच आठवड्यात प्रयोगवह्या गोळा करून मागच्या सह्या पूर्ण कराव्यात. नववीच्या अंतर्गत मूल्यमापनाचेही तसेच. जितके झाले तितके गुण शाईने नोंदवून खाली सही करावी, राहिलेले रकाने रिकामे ठेवावेत. अंदाजाने भरलेला गुण पुढे कुणालाच समजावून सांगता येत नाही.

चार्ज देताना शाळेत हजेरीपत्रक, टाचणवही, प्रयोगशाळेच्या साहित्याची नोंदवही यांची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. ते हवेच. पण वर्गाची खरी माहिती त्या यादीत मावत नाही. कोणत्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही पण चष्मा झालेला नाही, कोण आजीकडे राहते आणि पालकसभेला कोण येते, कोणाला फिट येतात आणि तेव्हा काय करायचे, हे वर्गशिक्षिकेलाच ठाऊक असते. ते नव्या शिक्षकाला समोर बसून सांगावे, ईमेलमध्ये किंवा ग्रुपवर लिहू नये. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची सूत्रे शाळेने सांगितलेल्या व्यक्तीकडे देऊन मगच बाहेर पडावे.

मुलांना कधी सांगायचे, यावर शाळाशाळांत मतभेद आहेत. माझे मत, दहावीला प्रात्यक्षिके संपेपर्यंत नको, नववीला नवीन शिक्षक पहिल्यांदा वर्गावर येतील त्या दिवशी. पण सांगायचे ते बाईंनी स्वतः.

शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभवाचा दाखला लेखी मागून घ्यावा. टपालाची पावती, राजीनाम्याची दुसरी प्रत आणि चार्ज यादीची प्रत एकाच फाइलमध्ये ठेवावी. पुढच्या शाळेत हे कागद मागितले जातात आणि तेव्हा जुन्या शाळेच्या कचेरीत खेटे घालायची पाळी येऊ नये.