रनआउट, स्टम्पिंग की अडथळा? एकाच मॅचमधले तीन वाद, समजून घ्या

मॅच रंगात आलेली असते. बेल्स उडतात, खेळाडू हात वर करून ओरडतात आणि घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो रनआउट, दुसरा म्हणतो स्टम्पिंग. पलीकडून कुणीतरी विचारतं, "पण बॉल तर त्याच्या अंगाला लागला ना, मग आउट कसा?" नवीन पाहणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ याच तीन प्रकारांत होतो. मराठीत आपण त्यांना धावबाद, यष्टिचीत आणि क्षेत्ररक्षणात अडथळा म्हणतो. तिन्हींमध्ये फलंदाज बहुतेक वेळा क्रीजच्या बाहेर सापडतो, म्हणून ते सारखे वाटतात. फरक ओळखायला तीन प्रश्न पुरेसे आहेत. चेंडू अजून खेळात होता का? फलंदाज धाव घेत होता का? आणि स्टम्प कुणी पाडले?

स्टम्पिंग म्हणजे फक्त कीपरचं काम

स्ट्रायकर क्रीजबाहेर आहे, तो धाव घ्यायचा प्रयत्न करत नाही आणि विकेटकीपरने दुसऱ्या कुठल्याही क्षेत्ररक्षकाच्या मदतीशिवाय स्टम्प पाडले, तर ते स्टम्पिंग. ही विकेट गोलंदाजाच्या खात्यात जाते. यातली एक अट बसली नाही, तर आधी रनआउटचा विचार करायचा. रनआउटची विकेट मात्र गोलंदाजाला मिळत नाही.

मेलबर्नची 23 ऑक्टोबर 2022 ची भारत-पाकिस्तान मॅच बहुतेकांना आठवत असेल. टी-20 वर्ल्ड कपच्या या मॅचमध्ये शेवटची ओव्हर मोहम्मद नवाजची होती. त्याने नो-बॉल टाकला, त्यामुळे पुढे फ्री हिट मिळाली. फ्री हिटच्या चेंडूवर विराट कोहली बोल्ड झाला, पण फ्री हिटवर बोल्ड धरत नाहीत. चेंडू स्टम्पला लागून मागे गेला आणि भारताने पळून तीन बाय काढल्या. पाकिस्तानच्या खेळाडूंनी पंचांना विचारलं, पण नियम स्पष्ट होता. बोल्ड होणं ग्राह्य नव्हतं, म्हणून चेंडू खेळातच होता. त्या तीन धावा काढताना कुणी क्रीजबाहेर सापडला असता, तर मात्र तो रनआउट झाला असता.

त्याच्या पुढच्याच चेंडूवर दिनेश कार्तिक तोल जाऊन क्रीजबाहेर आला आणि मोहम्मद रिझवानने स्टम्प पाडले. कार्तिक धाव घेत नव्हता, स्टम्प कीपरनेच पाडले आणि हा साधा चेंडू होता. म्हणून स्टम्पिंग, विकेट नवाजची. हेच एक चेंडू आधी, म्हणजे फ्री हिटवर घडलं असतं, तर कार्तिक नाबाद राहिला असता. नो-बॉल आणि फ्री हिटवर स्टम्पिंग होत नाही. वाइड बॉलवर मात्र होतं, आणि इथेच बरेच जण फसतात.

चेंडू मेला की जिवंत?

2 जुलै 2023, लॉर्ड्स. ऍशेसच्या दुसऱ्या टेस्टचा शेवटचा दिवस. कॅमेरून ग्रीनचा बाउन्सर जॉनी बेअरस्टोने वाकून सोडला. चेंडू कीपर ऍलेक्स कॅरीकडे गेला. आता काही होणार नाही असं समजून बेअरस्टो क्रीज सोडून चालू लागला. कॅरीने मात्र चेंडू हातात येताच लगेच स्टम्पकडे टाकला होता. स्टम्प उडाले आणि बेअरस्टो आउट. स्टेडियममध्ये आरडाओरडा झाला, इंग्लंडमध्ये कित्येक दिवस चर्चा चालली.

नियमाने पाहिलं तर प्रश्न एकच होता. चेंडू मेला होता का, म्हणजे त्या चेंडूचा खेळ संपला होता का? कीपरने चेंडू पकडला की तो लगेच मरत नाही. तो हातात पूर्ण स्थिरावला किंवा दोन्ही बाजूंनी खेळ थांबवला, असं पंचांना वाटलं पाहिजे. इथे फलंदाजाने खेळ संपला असं मानलं, पण कॅरीने मानलं नव्हतं, कारण त्याने चेंडू ताबडतोब फेकला. म्हणून चेंडू जिवंत. चेंडू लांबून फेकला तरी तो रनआउट नाही, कारण बेअरस्टो धाव घेत नव्हता आणि मध्ये दुसरा कुणी आला नाही. स्कोअरकार्डवर नोंद झाली ती स्टम्पिंगची, विकेट ग्रीनची.

बोटाचा हलका स्पर्श

फलंदाज चेंडू सरळ मारतो, तो थेट दुसऱ्या बाजूच्या स्टम्पला लागतो आणि नॉन-स्ट्रायकर क्रीजबाहेर असतो. आउट? मध्ये कुणाचाही स्पर्श झाला नसेल तर नाबाद, कारण स्टम्प क्षेत्ररक्षक बाजूमुळे पडले नाहीत. पण चेंडू जाता जाता गोलंदाजाच्या बोटाला निसटता जरी लागला, तरी तो रनआउट. त्याने मुद्दाम लावला की चुकून, हे पाहत नाहीत. म्हणूनच तिसरा पंच अशा वेळी आधी गोलंदाजाची बोटं रिप्लेमध्ये मोठी करून पाहतो, क्रीजची रेषा नंतर.

अडथळा: इथे हेतू महत्त्वाचा

रनआउट आणि स्टम्पिंगमध्ये फलंदाजाच्या मनात काय होतं याला फारसं महत्त्व नसतं. तिसऱ्या प्रकारात सगळं त्यावरच ठरतं. एकाच खेळाडूची, एकाच मैदानावरची दोन उदाहरणं पाहा.

सप्टेंबर 2015, लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्धची वनडे. बेन स्टोक्सने मारलेला चेंडू गोलंदाज मिचेल स्टार्कने अडवला आणि क्रीजबाहेर असलेल्या स्टोक्सकडे पाहत स्टम्पवर फेकला. स्टोक्सने हात पुढे केला आणि चेंडू हाताला लागला. आपण स्वतःला वाचवत होतो, असं त्याचं म्हणणं. इजा टाळण्यासाठी हात पुढे गेला तर नियम सूट देतोच. पण हात मुद्दाम चेंडूकडे गेला असं तिसऱ्या पंचांना वाटलं आणि स्टोक्स आउट झाला.

14 जुलै 2019, तेच लॉर्ड्स, वर्ल्ड कपची फायनल. दुसऱ्या धावेसाठी स्टोक्सने सूर मारला, मार्टिन गप्टिलचा थ्रो त्याच्या बॅटला लागून सीमापार गेला. इंग्लंडला सहा धावा मिळाल्या. न्यूझीलंडचं नुकसान मोठं होतं, पण स्टोक्स चेंडूकडे पाहतही नव्हता. अपघात होता, म्हणून नाबाद.

हात किंवा बॅट न लावताही अडथळा होऊ शकतो. मे 2024 मध्ये चेन्नईत आयपीएलच्या मॅचमध्ये रवींद्र जडेजा दुसऱ्या धावेसाठी निघाला आणि अर्ध्यातून परत फिरला. परतताना त्याने वाट बदलली, तो थ्रोच्या रेषेत आला आणि संजू सॅमसनचा थ्रो त्याला लागला. पळण्याची दिशा विनाकारण बदलली असं पंचांना वाटलं, तर फलंदाज आउट असतो. थ्रो स्टम्पला लागला असता की नाही, हा प्रश्नच उरत नाही. ही विकेटही गोलंदाजाला मिळत नाही.

म्हणून गल्लीतल्या मॅचमध्ये थ्रो फलंदाजाच्या पाठीला लागला की लगेच "आउट!" ओरडू नका. तो आपल्या सरळ वाटेने पळत होता का, एवढं आधी बघा. पळत असेल तर खेळ चालू, आणि चेंडू उडून लांब गेला तर धावाही चालू.