फ्रेंच कंत्राटदाराचं बिल दरपत्रकापेक्षा जास्त आलं तर

फ्रान्समध्ये घराचं काम काढलं की कंत्राटदार आधी दरपत्रक देतो. त्याला तिथे ‘दव्ही’ म्हणतात. ते पटलं तर खाली ‘बों पुर आकोर’, म्हणजे मान्य आहे, असं लिहायचं, तारीख टाकायची आणि सही करायची. त्या सहीनंतर दव्ही हा अंदाज राहत नाही, तो करार होतो. फ्रेंच दिवाणी संहितेच्या कलम ११९३ नुसार असा करार दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. काम वाढलं तर वाढीव कामाची वेगळी पुरवणी लिहून तिच्यावरही सही घ्यायची असते. तरीही काम संपल्यावर येणारं बिल, तिथली ‘फाक्त्युर’, कधीकधी दव्हीशी जुळत नाही.

अशा वेळी नोकरीनिमित्त तिथे राहणारी आपली माणसं दोनपैकी एक करतात. भाषेच्या धास्तीने मुकाट्याने पैसे भरतात, नाहीतर फोनवर वाद घालतात. माझ्या मते दोन्ही चूक. फ्रान्समध्ये अशा गोष्टीचा निकाल कागदावर लागतो, आणि चांगल्या पत्रात शब्द थोडे व आकडे नेमके असतात.

समजा, एका मराठी कुटुंबाने लियाँमधल्या आपल्या जुन्या फ्लॅटची न्हाणी नव्याने करून घेतली. सही केलेल्या दव्हीची रक्कम करासह ३,८५० युरो होती आणि त्यातले १,१५५ युरो, म्हणजे तीस टक्के, आगाऊ दिले होते. फाक्त्युर आली ४,४९४ युरोंची. ६४४ युरो जास्त. हा एकच आकडा घेऊन पत्र लिहायला बसलं तर पत्र फसतं, कारण ६४४ युरोंमागे तीन निरनिराळी कारणं आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. म्हणून आधी दोन्ही कागद ओळीला ओळ लावून ठेवायचे.

| बाब | दव्ही (युरो) | फाक्त्युर (युरो) | फरक |
|---|---|---|---|
| जुनं सामान काढणं | ६५०,०० | ६५०,०० | ०,०० |
| फरशी, ५५,०० प्रति चौ. मी. | १८ चौ. मी.: ९९०,०० | २१ चौ. मी.: १ १५५,०० | +१६५,०० |
| शॉवर आणि नळकाम | १ ८६०,०० | १ ८६०,०० | ०,०० |
| येण्याजाण्याचा खर्च | नाही | ८०,०० | +८०,०० |
| करापूर्वीची बेरीज | ३ ५००,०० | ३ ७४५,०० | +२४५,०० |
| मूल्यवर्धित कर | १०%: ३५०,०० | २०%: ७४९,०० | +३९९,०० |
| करासह एकूण | ३ ८५०,०० | ४ ४९४,०० | +६४४,०० |

तक्त्यातले आकडे मुद्दाम फ्रेंच पद्धतीने लिहिले आहेत. तिथे हजारानंतर मोकळी जागा सोडतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम देतात. आपल्या सवयीने कोणी १,१५५ लिहिलं, तर फ्रेंच माणूस ते सव्वाच्या आसपासची रक्कम म्हणून वाचेल. पत्रात तिथलीच पद्धत पाळावी. प्रत्येक रक्कम करापूर्वीची (‘ओर ताक्स’) की करासह (‘तुत ताक्स कोंप्रीज’) हेही लिहावं, कारण एका बाजूची करापूर्वीची आणि दुसऱ्या बाजूची करासह रक्कम शेजारी ठेवली की नसलेला फरकही दिसू लागतो.

तक्ता पाहिल्यावर पहिला संशय फरशीवर जातो, पण पैसे सर्वांत जास्त वाढले आहेत ते कराच्या दरामुळे. फ्रान्समध्ये मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २० टक्के आहे. दोन वर्षांहून जुन्या राहत्या घरातल्या दुरुस्ती-सुधारणेला मात्र १० टक्के दर लागतो. ३,७४५ युरोंवर दहा टक्के जास्त, म्हणजे ३७४.५० युरो, एवढ्या एका बदलाने वाढले. इथे ग्राहकाने स्वतःचा कागदही तपासावा. घर दोन वर्षांहून जुनं असल्याची नोंद दव्हीवर आहे का? नसेल, तर तसं लेखी कळवूनच दुरुस्ती मागावी.

येण्याजाण्याचे ८० युरो दव्हीत नव्हतेच. दहा टक्के करासह ते ८८ होतात. पुरवणीवर सही झाली नसेल तर ते काढून टाका असं स्पष्ट म्हणता येतं.

फरशीचं प्रकरण नाजूक आहे. दव्हीत कामाची ठोक रक्कम असेल तर मोजमाप वाढल्याने पैसे वाढत नाहीत. पण दर चौरस मीटरला असेल आणि प्रत्यक्ष मापाप्रमाणे बिल होईल असं लिहिलेलं असेल, तर २१ चौरस मीटर खरेही असू शकतात. तेव्हा टेप घेऊन भिंती आणि जमीन स्वतः मोजावी. पत्रात ही रक्कम नाकारू नये, माप कसं काढलं ते विचारावं. करासह हा भाग १८१.५० युरोंचा आहे. ३७४.५०, ८८ आणि १८१.५० यांची बेरीज बरोबर ६४४ येते. ही बेरीज जुळल्याशिवाय पत्र पाठवू नये.

पत्राची भाषा आरोपाची नको. फ्रेंच व्यवहारात सुरुवात ‘सोफ एरर द मा पार’ अशी करतात, म्हणजे माझी चूक होत नसेल तर. मग दव्हीचा क्रमांक व सहीची तारीख, फाक्त्युरचा क्रमांक व तारीख. त्यानंतर ‘ज कोंस्तात अं एकार द ६४४,०० युरो तुत ताक्स कोंप्रीज’, इतक्या रकमेचा फरक दिसतो, आणि त्याखाली तीन ओळी, प्रत्येकीत कारण व रक्कम. शेवटी मागणी: ‘ज वू सरे रकोनेसां द ब्यँ वूलवार मादरेसे युन फाक्त्युर रेक्तिफिकातीव’, कृपया मला दुरुस्त फाक्त्युर पाठवावी. लिहिणारी बाई असेल तर ‘रकोनेसांत’. सही केलेल्या दव्हीची प्रत सोबत जोडावी.

दुरुस्त फाक्त्युर मागायला कारण आहे. फ्रान्समध्ये बिलांचे क्रमांक सलग ठेवावे लागतात, त्यामुळे दिलेलं बिल फाडून दुसरं देता येत नाही. जुन्या क्रमांकाचा उल्लेख असलेलं दुरुस्त बिल तरी निघतं किंवा जमापत्र, म्हणजे ‘आवुआर’. जुन्या बिलावर पेनने आकडा खोडून दिला तर तो स्वीकारू नका.

पैसे पूर्ण रोखू नयेत. वादात नसलेली रक्कम ३,८५० वजा १,१५५, म्हणजे २,६९५ युरो. ती भरावी आणि बाकी रक्कम वादात असल्याने राखून ठेवली आहे असं पत्रातच नमूद करावं. यामुळे ग्राहक पैसे बुडवतो आहे असं म्हणायला जागा राहत नाही. माप खरं निघालं तर वर १८१.५० युरो द्यायचे, म्हणजे देणं २,८७६.५० होतं.

आधी ईमेल करावा. उत्तर आलं नाही तर तोच मजकूर पोचपावतीसह रजिस्टर्ड टपालाने पाठवावा. तरीही काही हाललं नाही, तर ग्राहकांसाठीच्या मध्यस्थाकडे जाता येतं. ग्राहकाला ही सेवा विनामूल्य असते आणि मध्यस्थाचं नाव-पत्ता देणं व्यावसायिकावर बंधनकारक आहे. मात्र आधी व्यावसायिकाकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि त्या तक्रारीपासून एक वर्षाच्या आत मध्यस्थाकडे पोचावं लागतं. त्यामुळे पहिल्या पत्राची प्रत आणि टपालाची पावती जपून ठेवा.