पाणी, धातू आणि पर्याय

कोल्हापुरातील अभ्यासिकांमध्ये पोलीस भरती, तलाठी भरती आणि राज्यसेवेची तयारी करणाऱ्या उमेदवारांपुढे मराठी व्याकरणाचे जे पुस्तक असते, त्यात समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार आणि शब्दसमूहाबद्दल एक शब्द यांच्या लांबलचक याद्या असतात आणि त्या बहुधा मोठ्याने घोकल्या जातात. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत 100 प्रश्नांना 90 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. त्यामुळे पाठांतराचा मोह समजण्यासारखा आहे. तथापि, यादीत नसलेला शब्द समोर आला की पाठांतर संपते आणि शब्द फोडून पाहण्याचे काम सुरू होते.

हे काम कसे चालते, ते पाण्याच्या शब्दांवरून स्पष्ट दिसते. जल, नीर, अंबु, वारि ही सारी पाण्याचीच नावे असून त्यांच्यापुढे ‘ज’ आला की कमळ, ‘द’ आला की ढग आणि ‘धी’ आला की समुद्र असा अर्थ होतो. ‘ज’ हा ‘जन्’ म्हणजे जन्मणे या धातूपासून, ‘द’ हा ‘दा’ म्हणजे देणे या धातूपासून आणि ‘धी’ हा ‘धा’ म्हणजे धारण करणे या धातूपासून आलेला असल्याने पाण्यात जन्मणारे ते नीरज, पाणी देणारा तो नीरद आणि पाणी धारण करणारा तो वारिधी. ज्या समासात दुसरे पद असे धातूपासून बनलेले असते आणि वाक्यात स्वतंत्रपणे वापरता येत नाही, त्याला उपपद तत्पुरुष म्हणतात. ‘अंबुद’चा समानार्थी शब्द विचारून पर्यायांत वारिज, जलधी, नीरद आणि सरोज दिले असतील, तर पाणीवाचक पूर्वपदाकडे पाहणारा गोंधळतो, कारण तेथे सगळीकडे पाणीच आहे, शेवटचे अक्षर पाहणारा मात्र नीरदवर थांबतो.

धातू अर्थाची दिशा दाखवतो, अर्थाची हद्द मात्र रूढी ठरवते. चिखलात जन्मणारे पुष्कळ काही असले तरी पंकज म्हणजे केवळ कमळ. अवयवांचा अर्थ कायम राहून एकाच वस्तूला चिकटलेल्या अशा शब्दाला योगरूढ म्हणतात. ‘अब्ज’ हा शब्दही ‘अप्’ म्हणजे पाणी आणि ‘ज’ यांचाच, परंतु अर्थसंकल्पाच्या बातमीत तो कमळ नसून संख्या असतो, आणि हे धातू सांगत नाही, वाक्य सांगते.

विरुद्धार्थी शब्दांत सर्वाधिक फसगत ‘अनु’ने सुरू होणाऱ्या शब्दांवर होते. नकार दाखवणारा ‘अ’ स्वरापूर्वी ‘अन्’ होतो, म्हणून अन् आणि उदार मिळून ‘अनुदार’, अन् आणि उचित मिळून ‘अनुचित’. मात्र ‘मागून’ या अर्थाचा ‘अनु’ हा उपसर्ग वेगळाच आहे. ‘अन्’ काढल्यावर उरलेला शब्द अर्थपूर्ण आहे का, हे पाहिले की भेद कळतो: ‘उदार’ उरतो, ‘उज’ असा शब्द नाही. म्हणून ‘अनुज’ म्हणजे मागून जन्मलेला, धाकटा भाऊ, आणि त्याचा विरुद्धार्थी अग्रज. शब्दसमूहाच्या प्रश्नातही हीच फोड कामी येते; केलेले उपकार जाणणारा तो ‘कृतज्ञ’, कारण ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा, आणि उपकार विसरणारा तो ‘कृतघ्न’, कारण ‘घ्न’ म्हणजे मारणारा, जो शत्रुघ्नाच्या नावातही आहे.

वाक्प्रचारांकडे वळताच हे हत्यार बोथट होते. पाणी पाजणे म्हणजे पराभव करणे, पाणी जोखणे म्हणजे समोरच्याची कुवत ओळखणे, आणि यांपैकी काहीही ‘पाणी’ या शब्दाच्या व्युत्पत्तीतून निघत नाही. येथे आधार असतो तो क्रियापदाचा आणि विभक्तीचा. ‘त्याच्या मेहनतीवर पाणी पडले’ या वाक्यात ‘पडणे’ अकर्मक आहे, पाणी पाडणारा कोणी दिसत नाही, म्हणून श्रम वाया गेले. ‘त्याने वाटणीवर पाणी सोडले’ यात सोडणारा कर्ता उभा आहे, म्हणून हक्क स्वतःहून गेला. दान देताना हातावरून उदक सोडण्याची रीत ठाऊक असेल, तर हा दुसरा अर्थ पाठ करावा लागत नाही. वाक्प्रचाराचे मूळ धातूत नव्हे, रिवाजात असते. खासबाग मैदानाच्या शहरात ‘दंड थोपटणे’ म्हणजे आव्हान देणे आणि ‘चीत करणे’ म्हणजे हरवणे हे यादीविना कळते, आणि ‘दंड थोपटणे’च्या पर्यायांत ‘शाबासकी देणे’ घालणाऱ्या प्रश्नकर्त्याने ‘पाठ थोपटणे’शी होणाऱ्या घोटाळ्यावर भिस्त ठेवली आहे, हेही तालमीत गेलेल्याच्या चटकन ध्यानात येते. शेतीतले किंवा देवघरातले वाक्प्रचार त्यालाच अडवू शकतात. तेव्हा वाक्य दोनदा वाचून, कर्ता कोण आणि कोणाचे काय झाले एवढे ठरवून, न जुळणारे पर्याय खोडणे हाच उपाय उरतो. चुकीच्या उत्तराला गुण कापणाऱ्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत दोन पर्याय खोडूनही खात्री होत नसेल तर काय करावे, यावर अभ्यासिकेत एकमत होत नाही.