‘पाणी मारावे’ म्हणजे नेमके काय?

स्लॅब भरल्यावर किती दिवस पाणी मारायचे, हे भारतीय मानक आयएस ४५६ : २००० मधल्या १३.५.१ या कलमात सांगितले आहे. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान ७ दिवस. फ्लाय ॲशसारखे घटक मिसळलेले सिमेंट असेल, तर किमान १० दिवस. शिवाय या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटसाठी मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी, अशी शिफारसही आहे.

आता याचा मराठी तर्जुमा असा झाला समजा : ‘किमान १० दिवस पाणी मारावे. ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी.’ वाचायला सोपे आहे, पण कंत्राटदाराने अकराव्या दिवशी पाणी बंद केले की वाद सुरू. इंजिनिअर म्हणेल, १४ लिहिले आहेत. कंत्राटदार म्हणेल, ‘मारावे’ म्हणजे सल्ला, तेव्हा १० दिवससुद्धा सक्तीचे नाहीत. ‘-आवे’ प्रत्ययात आज्ञाही बसते आणि सूचनाही, त्यामुळे दोघांनाही खोटे ठरवता येत नाही.

इंग्रजी मानकांत यासाठी तीन शब्द ठरलेले असतात. ‘शॅल’ म्हणजे अट. ती मोडली की काम मानकाप्रमाणे झाले नाही. ‘शुड’ म्हणजे शिफारस; सबळ कारण असेल तर वेगळे करता येते. ‘मे’ म्हणजे मुभा. केले काय, न केले काय, दोन्ही चालते. वरच्या कलमात १० दिवसांना ‘शॅल’ आहे, १४ दिवसांना शिफारस. म्हणजे अकराव्या दिवशी थांबणाऱ्याने अट पाळली आहे, शिफारस मानलेली नाही. तेवढ्यावरून काम नापास करता येणार नाही.

मराठीत हा फरक टिकवायचा तर प्रत्येकाला एकच साचा द्यावा लागतो. अटीला ‘मारलेच पाहिजे’, शिफारशीला ‘मुदत वाढवण्याची शिफारस आहे’, मुभेला ‘वाढवता येईल’. मुभेसाठी ‘शकतो’ टाळलेले बरे, कारण ‘पंप इतके पाणी उचलू शकतो’ यात परवानगी नसून क्षमता सांगितलेली असते.

नकारात घोळ जास्त होतो. ‘करू नये’ ही बंदी की सल्ला, ते कळत नाही. म्हणून बंदीला ‘करता कामा नये’, सल्ल्याला ‘न करण्याची शिफारस आहे’ आणि सक्ती नसेल तिथे ‘करण्याची गरज नाही’ असे लिहावे. हे साचे दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच अर्थासह नोंदवावेत.

तर्जुमा संपल्यावर त्यातले प्रत्येक ‘-आवे’ आणि ‘नये’ शोधून एकच प्रश्न विचारायचा : हे केले नाही, तर काम नाकारता येईल का?