सतरा अक्षरांची गाडी

शोरूमच्या यार्डात एकाच मॉडेलच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या दोन गाड्या उभ्या असतात. त्यांना वेगळं ओळखायला हुकमी खूण म्हणजे 17 अक्षरांचा चासी नंबर. त्यात I, O, Q ही इंग्रजी अक्षरं नसतात, कारण ती 1 आणि 0 यांच्याशी गल्लत करतात.

डीलरच्या ईआरपीमध्ये साठा असा नंबरनिहाय असतो. ग्राहकाला गाडी दिली की तो नंबर अडवला जातो. बिल, विमा आणि नोंदणीचे कागद त्याच नोंदीवरून निघतात. विम्याचा नंबर कुणी वेगळा हाताने टाइप केला आणि शेवटचे 47 चे 74 झाले, तर पॉलिसी शेजारच्या गाडीची होते. हे बहुधा नोंदणीच्या वेळी कळतं. तिथेही निसटलं तर थेट अपघाताच्या दाव्यात. मात्र आवक नोंदवतानाच चूक झाली, तर ती सगळीकडे सारखीच उतरते. म्हणून गाडीवर पेन्सिल घासून घेतलेला छाप पडताळणं मला अजूनही आवश्यक वाटतं.

पुढे सर्व्हिसचं जॉबकार्डही याच नंबरला जोडलं जातं. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे ब्रेक पॅडचे पैसे घ्यायचे की सदोष अल्टरनेटर फुकट बदलायचा, हे काउंटरवरच ठरतं.