रंगाआधी केसांचा इतिहास

केस रंगवण्याची वेळ ठरवताना स्टायलिस्टला पाठवायच्या मेसेजमध्ये तीन गोष्टी लागतात: हवी असलेली छटा, केसांवर आजवर काय काय लावले त्याची माहिती आणि खर्चाची मर्यादा. छटेबद्दल लोक फोटोसकट भरभरून लिहितात, पण मधली गोष्ट हमखास राहून जाते. खरे तर रंग कसा बसेल हे तिच्यावरच ठरते.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे 40 सेंटिमीटर लांब केसांची टोके जवळजवळ 3 वर्षांपूर्वीची असतात. तेव्हाची मेंदी आता डोळ्यांना दिसत नसली, तरी केसात असते. मेंदीतले रंगद्रव्य केसातल्या केराटिनला घट्ट धरून बसते. काळे केस ब्लीचने उजळताना आधी तांबूस, मग नारिंगी आणि शेवटी पिवळे होतात. मेंदी लावलेले केस बहुधा नारिंगीपाशीच अडतात. बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’चा धोका याहून मोठा. तिच्यात अनेकदा पीपीडी हे रसायन असते आणि काही पावडरींत धातूंचे क्षार असतात. ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी या क्षारांची गाठ पडली की केस तापतात आणि तुटतातही. म्हणून पाकिटाचा फोटो पाठवलेला उत्तम.

उपयोगी मेसेज असा असतो:

“नमस्कार. केस खांद्याखाली वीतभर, मूळचे काळे, पांढरे अगदी थोडे. 2 वर्षे दर महिन्याला मेंदी लावत होते, शेवटची 5 महिन्यांपूर्वी. मागच्या वर्षी स्मूदनिंग केलंय. राखाडी झाक असलेला ब्राऊन हवाय, नारिंगी अजिबात नको. टॅक्स धरून 6000 रुपयांपर्यंत जमेल, टचअपला 3 महिन्यांतून एकदा येऊ शकेन. एकदा डायने टाळूला खाज आली होती. केसांचे फोटो दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता काढलेत.”

एवढ्यावरून स्टायलिस्टला बरेच उमगते. मुळाजवळचे पाच-सहा सेंटिमीटर केस कोरे आहेत. ते लवकर उजळतील आणि खालचे मागे राहतील, म्हणजे डोके दुरंगी दिसेल. राखाडी झाक बसायला केस नारिंगीच्या पुढे जायला हवेत, पण स्मूदनिंग झालेल्या केसांना तेवढे ब्लीच सोसेलच असे नाही. त्यासाठी आधी आतल्या बाजूच्या बटेवर चाचणी घ्यावी लागते. खाजेचा उल्लेख तर सर्वांत महत्त्वाचा, कारण तो पीपीडीच्या अ‍ॅलर्जीचा इशारा असू शकतो. अशा व्यक्तीने घरी डाय लावून पाहू नये. आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. त्रास झालेला नसला तरी 48 तास आधी पॅच टेस्ट करतात.

पैशांचा आकडा स्पष्ट लिहिण्यात संकोच नको. राखाडी झाक देणारा टोनर काही आठवड्यांत उतरतो आणि खालचा नारिंगीपणा वर येतो. टचअप 3 महिन्यांनीच परवडणार असेल, तर स्टायलिस्ट ब्लीचशिवाय होणारा गडद चॉकलेटी ब्राऊन सुचवू शकते. तो मेंदीच्या तांबूसपणात मिसळून जातो आणि मुळांची वाढही फारशी उठून दिसत नाही.