दशांश चिन्ह दिसलं पाहिजे

माझी मावशी सांगलीला असते. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती आठवी-नववीचं गणित ऑनलाइन शिकवते. एकदा तिच्या एका विद्यार्थ्याने सबंध उदाहरण चुकवलं, कारण त्याने 3.5 ऐवजी 35 उतरवून घेतलं होतं. मावशी रागावली तेव्हा तो म्हणाला, “बाई, तुमच्या कागदावर टिंब नव्हतंच.” मावशीने कागद पाहिला. टिंब होतं. मग तिने वर्गाचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, आणि तिथे मात्र ते खरंच नव्हतं.

तिची मांडणी बहुतेक घरांत असते तशीच होती. पुस्तकांच्या चवडीला टेकवलेला फोन, त्याच्यासमोर तिरपा दिसणारा कागद, डोक्यावर ट्यूबलाइट. “चांगला कॅमेरा घ्यावा का?” तिने मला विचारलं. मी तिला आधी फ्रीजचा ट्रे काढायला सांगितला.

ही युक्ती माझी नाही. 2020 साली शाळा बंद असताना एका शिक्षिकेचं छायाचित्र समाजमाध्यमांवर खूप फिरलं होतं. त्यांनी फ्रीजमधला पारदर्शक ट्रे दोन डब्यांवर आडवा ठेवला होता, ट्रेवर फोन पालथा न घालता उताणा ठेवला होता, आणि ट्रेखाली कागद ठेवून त्या लिहीत होत्या. लोकांनी जिद्दीचं कौतुक केलं, पण त्या मांडणीत जिद्दीपेक्षा मोठी गोष्ट होती ती म्हणजे भूमिती. सपाट ट्रेवर ठेवलेल्या फोनचं भिंग आपोआप कागदाकडे काटकोनात पाहतं. कागद तिरपा दिसत नाही, वरची ओळ बारीक आणि खालची मोठी होत नाही, आणि सगळा कागद भिंगापासून जवळजवळ सारख्या अंतरावर असल्याने एक कोपरा स्पष्ट अन् दुसरा धूसर असंही होत नाही. शिवाय फोनचा पडदा वर राहतो, त्यामुळे विद्यार्थ्यांना काय दिसतंय ते लिहिता लिहिता बघता येतं.

ट्रे निवडताना एवढंच पाहायचं, की तो रंगीत, खरबरीत किंवा रेघांचा नसावा, आणि भिंगाखालची जागा कापडाने पुसलेली असावी. जड काचेचा ट्रे असेल तर तो डब्यांवर तोलण्यापेक्षा फोनसाठी मिळणारा वाकवता येणारा दांडीचा स्टँड बरा. मात्र दांडी कागद ठेवलेल्या टेबलाला लावू नये. लिहिताना टेबल हललं की चित्रही हलतं. शेजारच्या कपाटाला किंवा दुसऱ्या टेबलाला लावावी.

आता उंची किती ठेवायची? टिंब का हरवलं याचं उत्तर इथेच आहे, म्हणून थोडं गणित करू. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला 30 सेंटीमीटर उंचीवरून टेबलाची साधारण 35 सेंटीमीटर रुंदीची जागा दिसते. आडवा ठेवलेला ए-फोर कागद त्यात जेमतेम मावतो. फोनचा कॅमेरा कितीही मेगापिक्सेलचा असला, तरी वर्गाच्या कॉलमध्ये चित्र बारीक करूनच पाठवलं जातं. बरेच जण जोडलेले असले किंवा नेट मंद असलं, की आडव्या रेषेत फक्त 640 ठिपके उरतात. ते 35 सेंटीमीटरवर पसरले, म्हणजे एका मिलिमीटरला दोनही ठिपके येत नाहीत. बारीक बॉलपेनचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं असतं. त्याच्या वाट्याला जेमतेम एक ठिपका येतो, तोही फिकट. चित्र दाबून लहान करताना असा एकटा ठिपका सगळ्यात आधी पुसला जातो. गणितात दशांश चिन्ह जातं, मराठीच्या तासाला अनुस्वार जातो आणि ‘नंतर’चं ‘नतर’ होतं.

उपाय महागडा नाही. मावशीने ए-फोर कागद मधोमध दुमडला आणि अर्ध्याच कागदावर लिहायला सुरुवात केली. फोन 22-23 सेंटीमीटरपर्यंत खाली आणला. आता चौकटीत 26 सेंटीमीटर जागा, म्हणजे तेवढ्याच 640 ठिपक्यांत मिलिमीटरला अडीच ठिपके. जोडीला बॉलपेन सोडून एक मिलिमीटर टोकाचं काळं पेन घेतलं आणि अक्षर सेंटीमीटरभर उंच काढलं. तिचं टिंब आता दीड मिलिमीटरचं होतं, त्याला आडवे-उभे तीन-चार ठिपके मिळाले आणि ते टिकलं. कागद जास्त लागतो हे खरं, पण पाठकोऱ्या कागदांवरही काम होतं. फोन याहून फार खाली आणू नये, कारण पेनाचं टोक आणि मनगट वावरायला जागा लागते, आणि बरेच कॅमेरे अगदी जवळचं स्पष्ट दाखवू शकत नाहीत.

काळ्या पेनाचा आग्रह का, तेही सांगते. व्हिडिओ पाठवताना उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण ठेवतात, पण रंगाचा तपशील साधारण एक चतुर्थांशच ठेवतात, कारण आपल्या डोळ्यांना रंगातला बारकावा कमी कळतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे निव्वळ उजेड-अंधार, म्हणून ते धारदार राहतं. लाल अक्षरांच्या कडा मात्र पसरतात. तपासताना खूण करायला किंवा उत्तराखाली रेघ मारायला लाल ठीक, पायऱ्या लिहायला नको. पेन्सिल तर करड्यावर करडी, ती विसरलेलीच बरी.

दुसरी अडचण उजेडाची. मावशीची ट्यूबलाइट नेमकी टेबलावर होती आणि तिच्याखाली पंखा. फोन वर आला तशी फोनची सावली कागदाच्या मधोमध पडली, पात्यांच्या सावल्या त्यावरून फिरू लागल्या, आणि ट्रेवर ट्यूबचं प्रतिबिंब चमकायला लागलं. चकाकी टाळायचा नियम कॅरमच्या सोंगटीसारखा आहे, उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात उलट बाजूला निघून जातो. दिवा भिंगाजवळ, बरोबर वर असेल तर चमक सरळ भिंगात शिरते. तोच दिवा बाजूने, कागदाशी साधारण 45 अंशात ठेवला तर चमक दुसऱ्या बाजूला निघून जाते. मावशी उजव्या हाताने लिहिते, म्हणून तिचा टेबललॅम्प डावीकडे ठेवला. उजवीकडे ठेवला असता तर हाताची सावली नेमकी लिहिल्या जाणाऱ्या अक्षरावर पडली असती. ट्यूब बंद केली. डावखुऱ्यांनी हेच उलट करायचं. लॅम्प लावूनही चित्रावरून आडवे पट्टे सरकताना दिसले, तर दोष दिव्याच्या लुकलुकण्याचा असतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, कॅमेरा 60 साठी लावलेला असला की असं होतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 50 निवडावं, आणि तशी सोय नसेल तर दिवा बदलून पाहावा.

उजेडाचा आणखी एक खोडकरपणा आहे. मावशीचं टेबल गडद शिसवी रंगाचं. चौकटीत टेबल जास्त आणि कागद कमी आला की कॅमेऱ्याला वाटतं, खोलीत अंधार आहे. तो सगळंच उजळवतो, कागद भगभगीत होतो आणि बारीक रेघा विरून जातात. तिने कागदाखाली जुनी फिकट चादर अंथरली आणि ते थांबलं. कॉलमधली पार्श्वभूमी धूसर करायची आणि चेहरा खुलवायची सोयही बंद केली. या सोयी माणसाचा चेहरा शोधतात. तो नसला की कधी हात पुसतात, कधी अर्धा कागद.

राहिला प्रश्न हा फोन वर्गाला जोडायचा कसा. सोपा मार्ग म्हणजे लॅपटॉपवरून वर्ग सुरू करायचा आणि त्याच वर्गात फोन दुसरा सदस्य म्हणून आणायचा. इथे पहिल्याच दिवशी कर्कश शिट्टी ऐकू येते, कारण फोनचा आवाज लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. फोनचा नुसता माइक बंद करून भागत नाही, त्याचा आवाजही पूर्ण तोडावा लागतो. मग विद्यार्थ्यांना फोनचं चित्र पडद्यावर पिन करायला सांगायचं. फोन वेबकॅमसारखा लॅपटॉपला जोडता येत असेल, तर झूममध्ये शेअर करताना Advanced खाली Content from 2nd Camera हा पर्याय मिळतो. कागद असा पाठवणं जास्त चांगलं, कारण मग तो सगळ्यांच्या पडद्यावर आपोआप मोठा दिसतो.

दोन गोष्टींनी मात्र घाबरून जाऊ नये. स्वतःच्या पडद्यावर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसली, तर ती बहुधा फक्त आपल्यालाच दिसत असतात, विद्यार्थ्यांना सुलटी दिसतात. तेवढ्यासाठी काही बदलण्याआधी समोरच्याला विचारावं. आणि चित्र मध्येच आडव्याचं उभं झालं, तर फोन बिघडलेला नसतो. आडव्या ठेवलेल्या फोनला वर कुठलं हे गुरुत्वाकर्षणावरून कळत नाही. फोन एकदा उचलून हातात सरळ आडवा धरावा, चित्र नीट झालं की तसाच हळूच ट्रेवर ठेवावा.

तयार वेबकॅम विकत घेणार असाल तर एकच चाचणी. दुकानातच त्याच्यापुढे वीत-दीड वीत अंतरावर वर्तमानपत्र धरा. स्वस्त वेबकॅमचा फोकस समोर बसलेल्या चेहऱ्यासाठी एकदाच ठरवून टाकलेला असतो, तो या अंतरावर मजकूर धूसरच दाखवणार. अशा वेबकॅमपेक्षा घरात पडलेला जुना फोन चांगला.

वर्गाच्या आधी मावशी आता एक काम न चुकता करते. कागदावर 3.5, एक उणे चिन्ह आणि ‘अंश’ हा शब्द लिहिते, आणि गल्लीपलीकडे राहणाऱ्या पुतण्याला त्याच्या मोबाइल डेटावर ते वाचायला लावते. स्वतःच्या पडद्यावर तपासून उपयोग नाही, तिथे चित्र नेटवरून जाऊन आलेलं नसतं. कागद सरकवल्यावर ती दोन सेकंद गप्प बसते, कारण हललेलं चित्र स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. या सगळ्यात तिचा खर्च एका काळ्या पेनाचा झाला. फ्रीजमधल्या भाज्या तेवढ्या वर्ग सुटेपर्यंत ओट्यावर असतात.